दुसऱ्या रकान्यातली रेघ

चावीवाल्याच्या दुकानात एका वेळी तीनच माणसं मावत, आणि त्यातला एक तो स्वतः. जिन्याखालची जागा. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर कोऱ्या चाव्या, मध्ये चावी कापायचं यंत्र आणि यंत्राखाली पितळेचा भुसा. दुकानाला पाटी होती, पण पाटीपेक्षा त्याचा एक नियमच जास्त लोकांना ठाऊक होता. कुणी चावीचा साबणावर उठवलेला छाप घेऊन आलं की तो हात जोडून परत पाठवी. मूळ चावी आणा, नाहीतर कुलूप उचलून आणा, आणि ते कुणाचं ते माझ्या तोंडावर सांगा. तीस वर्षं त्याने हे पाळलं होतं आणि त्याचा त्याला थोडा माजही होता.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला धाकटा भाऊ आला, तो स्कूटर चालू ठेवूनच. धाकटा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. अंगात कंपनीचा करडा शर्ट, खिशाला दोन स्क्रूड्रायव्हर.

"दादा, एक काम आहे. नाही म्हणू नकोस."

"आधी ऐकू तर दे, मग नाही म्हणतो."

धाकटा हसला नाही. "खारू येतेय आज."

"माहितीये की. आमच्याकडची तिची गादी उन्हात टाकूनच निघालोय घरून."

खारू म्हणजे धाकट्याची मुलगी. वय वर्षं आठ. लहानपणी घास गालात साठवून घरभर फिरायची, म्हणून चावीवाल्याने ठेवलेलं नाव. आईबाप वेगळे झाल्यापासून ती आईकडे, दुसऱ्या शहरात. सुट्टीत पंधरा दिवस बापाकडे. विमानाने एकटीच येई. एकटी म्हणजे तशी एकटी नाही; आई तिकडच्या विमानतळावर फॉर्म भरून तिला विमान कंपनीच्या माणसांच्या हातात देई, आणि इकडे कंपनीची माणसं तिला बापाच्या हातात देत.

"मला नाही जमत जायला," धाकटा म्हणाला. "चौकातल्या नऊ मजली इमारतीत लिफ्ट अडकलीय. आत तीन माणसं. आज ड्यूटीवर मी एकटाच."

"तू रजा घेतली नव्हतीस?"

धाकट्याने स्कूटरच्या आरशात बघितलं. "म्हटलं, मधूनच निघू तासाभरासाठी. कशाला रजा वाया घालवायची."

चावीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी धाकटा दीड तास उशिरा पोचला होता. दुसऱ्या वेळी अडीच तास. पोर विमानतळावरच्या खोलीत बसून राहिली, आणि तिच्या आईला तिकडून चार फोन करावे लागले. तेव्हा आईने स्वच्छ सांगितलं होतं, ओरडली वगैरे नव्हती: अजून एकदा असं झालं, तर पोर येणार नाही. तुम्ही इकडे या, तासभर बागेत भेटा आणि परत जा.

"मग तिला फोन कर," चावीवाला म्हणाला. "अजून ती तिकडेच असेल. विमान सुटेपर्यंत तिला थांबावंच लागतं तिथे. सांग की दादा येतोय. फॉर्मवर माझं नाव घालेल. पाच मिनिटांचं काम."

"आणि ती विचारेल, तुम्ही कुठे आहात?"

"मग सांग खरं."

"दादा, खरं सांगितलं की संपलंच. तिला कारण कशाला हवंय? तिला फक्त मोजायचंय. एक, दोन, तीन." धाकट्याने वरच्या खिशातून ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे घे. तूच जा."

चावीवाल्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे मी तू म्हणून जाऊ?"

"फोटो बघ ना. सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्यात मी तुझ्यासारखा दिसतो. माझ्यासारखा तर मी आताही दिसत नाही." धाकट्याचा फोन वाजला. त्याने कट केला, तो पुन्हा वाजला. "अडकलेल्यांत एक म्हातारी बाई आहे रे. जातो मी. सही माझी तुला येतेच."

सही खरंच येत होती. चावीवाला शाळेत गेला नव्हता. आईवडील लवकर गेले आणि कुणीतरी कमवायला हवं होतं. अक्षरं त्याला धाकट्याने शिकवली, आपल्या शाळेच्या वहीतून. तेव्हा चावीवाला पंचविशीचा होता. धाकट्याची सही एका झटक्यात उठे, शेवटी शेपटी. चावीवाल्याला स्वतःची सही अजून अक्षर अक्षर लावून करावी लागे. भावाच्या सहीची नक्कल मात्र त्याने कधीतरी गंमत म्हणून केली होती, ती हुबेहूब जमे.

स्कूटर निघून गेली. काउंटरवर ओळखपत्र राहिलं. चावीवाल्याने चाव्या ठेवायच्या कागदी पाकिटावर दोनदा सही करून पाहिली. दोन्ही वेळा बरोबर आली. मग त्याने फोन हातात घेतला. पोरीच्या आईचा नंबर त्याच्याकडे होता. ती त्याला अजून दादा म्हणे, अधूनमधून दुकानाची चौकशी करी. एक फोन केला असता तर पुढचं काही झालंच नसतं. त्याने फोन खिशात टाकला आणि दुकानाचं शटर ओढलं. धाकट्याचं घर मोडलं तेव्हा आपण काही करू शकलो नाही, आता एवढं तरी करू, असं त्याने मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

*

येणाऱ्या प्रवाशांच्या दाराबाहेर लोखंडी कठडा होता. लोक कठड्याला टेकून उभे होते, काहींच्या हातात नावाच्या पाट्या. विमान वेळेवर उतरलं. माणसं बॅगा ढकलत येऊ लागली, संपली. चावीवाल्याला ठाऊक होतं, एकटं मूल सगळ्यांत शेवटी उतरतं. तरी त्याने ओळखपत्र दोनदा काढून बघितलं. फोटोतला माणूस त्याच्याकडे जरा रागाने बघत होता.

मग ती आली. गळ्यात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात तिकीट आणि फॉर्म. शेजारी कंपनीची एक तरुण बाई, गळ्याला निळा स्कार्फ, एका हातात पोरीचा हात, दुसऱ्या हातात पोरीची चाकांची बॅग. दाराच्या आत डाव्या हाताला कंपनीचं काउंटर होतं. बाईने तिथून कठड्याकडे बघून नाव पुकारलं. धाकट्याचं नाव.

चावीवाला पुढे झाला.

खारूने त्याला बघितलं आणि तिचं तोंड फुललं. गाल वर गेले, ओठ उघडले. तेवढ्यात त्याने ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. पोरीचं लक्ष त्यावर गेलं. तिला वाचता येत होतं, चांगलं भराभरा वाचता येत होतं. तिचे ओठ मिटले.

बाईने ओळखपत्र उचललं. फॉर्मवरचं नाव, ओळखपत्रावरचं नाव. फॉर्मवरचा क्रमांक, ओळखपत्रावरचा क्रमांक. बोट ठेवून एकेक आकडा. मग फोटो. मग तिने मान वर केली, पण तेवढ्यात मागून कुणीतरी चाकांच्या खुर्चीबद्दल विचारलं आणि ती "दोन मिनिटं, आलेच" म्हणाली.

"फोन नंबर सांगा, सर."

त्याने भावाचा नंबर सांगितला.

बाई खाली वाकली, पोरीच्या उंचीला आली. "हे कोण आहेत, राणी?"

चावीवाल्याने जमिनीकडे बघितलं. जमिनीवर पिवळी पट्टी होती. पट्टीचा एक कोपरा उखडला होता.

"बाबा," खारू म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. शाळेत हजेरी देतात तसा.

"मज्जा करा मग," बाई म्हणाली आणि फॉर्म पुढे सरकवला. फॉर्मच्या प्रती एकावर एक लावलेल्या होत्या. वरच्या भागात तिकडून सोपवणाऱ्या आईची सही. तिच्याखाली तिकडच्या कर्मचाऱ्याची, मग विमानातल्या बाईची, मग या निळ्या स्कार्फवालीची. पोर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक हाताने आपली खूण ठेवली होती, वेळेसकट. शेवटची जागा रिकामी. तिच्या वर दोन रकाने होते. मुलाला नेणारी व्यक्ती, तिथे धाकट्याचं नाव. ती नसल्यास दुसरी व्यक्ती, तिथे पोरीच्या आईने आडवी रेघ मारली होती. पट्टी लावून मारावी तशी सरळ रेघ.

त्याने सही केली. एका झटक्यात, शेवटी शेपटी. बाईने वेळ लिहिली, पोरीच्या गळ्यातली पिशवी काढून घेतली.

*

बाहेर बसथांब्यावर लोखंडी बाक होता. बसला वीस मिनिटं होती. चावीवाल्याने बॅग दोन पायांच्या मध्ये ठेवली.

"काका," खारू हळूच म्हणाली, "मी बरोबर बोलले ना?"

"भूक लागलीय का तुला?"

"विमानात खाल्लं. सांग ना, बरोबर ना? बाबा लिफ्टमध्ये अडकला का?"

"तो नाही अडकला. दुसरी माणसं अडकलीत. तो सोडवतोय."

"मला वाटलंच." तिने पाय हलवले. जमिनीला टेकत नव्हते. "आईने मला सांगितलं होतं, बाबा सोडून कोणीही आलं, ओळखीचं असलं तरी, तर जायचं नाही. ताईला सांगायचं. दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून."

"मग?"

"मग मी तुलाच बाबा केलं."

ती हे कोडं सुटल्यासारखं सांगत होती. चावीवाल्याने रुमाल काढून मान पुसली. ऊन फारसं नव्हतं.

"आईला फोनवर पण हेच सांगायचं ना? की बाबा आला होता."

"खारू..."

"मी सांगेन नीट. तू घाबरू नकोस." आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आठ वर्षांच्या पोरीचा हात, मोठ्या माणसाला धीर देणारा. "पुढच्या वेळी बाबाने दुसऱ्या कोणाला पाठवलं ना, कार्ड देऊन, तरी मी असंच म्हणेन. मला जमतं आता."

बस आली. तिचं दार उघडलं. चालकाने त्यांच्याकडे बघितलं, चावीवाला उठेना. दार बंद झालं, बस गेली.

"काका, आपली बस होती ती."

"हो."

त्याच्या डोळ्यांपुढे साबणाच्या वड्या आल्या. तीस वर्षांत परत पाठवलेल्या. त्या आणणारे सगळेच काही चोर नसत. कुणाची चावी खरंच हरवलेली असे, कुणी बायकोला घाबरत असे. तो सगळ्यांना एकच सांगे: तुझ्यासाठी केली, तर उद्या दुसऱ्यासाठीही करावी लागेल. आणि आज त्याने पोरीच्या तोंडातच अशी चावी घालून दिली होती, जी कुणाच्याही हातात चालेल.

त्याने बॅगेची दांडी धरली. "चल."

"कुठे?"

"आत. त्या ताईकडे."

खारूचा चेहरा पडला. "का? मी बोलले होते ना नीट."

"तू नीट बोललीस. मीच चुकलो."

"मग नको ना सांगू. मला परत पाठवतील."

तो थांबला. हे खरं होतं. परत पाठवतीलही. धाकट्याचे पंधरा दिवस जातील, पुढची सुट्टी जाईल. दारापर्यंतच्या शंभर पावलांत तो दोनदा वळला आणि दोनदा पुन्हा दाराकडे वळला. बाहेर पडलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून त्याने दारावरच्या शिपायाला सांगून निळ्या स्कार्फवालीला बाहेर बोलावून घेतलं.

"काही राहिलं का, सर?"

"ताई, मी हिचा बाप नाही. काका आहे. ते ओळखपत्र माझ्या भावाचं."

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. मग तिने खारूचा हात आपल्या हातात घेतला आणि पोरीला आपल्या मागे घेतलं, त्याच्यापासून दोन पावलं लांब. चावीवाल्याला ते बघवलं नाही, पण तिने तेच करायला हवं होतं.

*

काउंटरच्या मागे लहानशी खोली होती. चार खुर्च्या, एक टेबल, कोपऱ्यात मुलांसाठी रंगीत खडूंचा डबा, त्यात सगळे तुटके. मॅनेजर आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने दोन्ही ओळखपत्रं मागितली, धाकट्याचं आणि चावीवाल्याचं स्वतःचं, आणि शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसला.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय केलंत?"

"कळतंय."

"मी सुरक्षेवाल्यांना बोलावू शकतो."

"बोलवा."

"बोलवा म्हणे." मॅनेजरने चष्मा खाली घेतला. "बोलावतो, त्यांना कळवावंच लागतं. पण आधी मूल. जोवर कागद सरळ होत नाही तोवर मूल आमच्याकडे. ज्यांनी फॉर्म भरला त्यांना फोन लावतो. नाव बदलायचं तर त्यांनीच बदलायचं, तिकडच्या काउंटरवर जाऊन, लेखी. फोनवरच्या 'चालेल'ला इथे कोणी विचारत नाही."

चावीवाला म्हणाला, "मला बोलू द्या तिच्याशी. मी केलंय, मीच सांगतो."

मॅनेजरने आधी स्वतः बोलून घेतलं. मग त्याला खोलीबाहेर बोलावून फोन दिला.

"दादा?" पलीकडून पोरीची आई म्हणाली. मागे गाड्यांचे आवाज होते. ती बाहेरच कुठेतरी असावी. "खारू कुठे आहे?"

"इथेच आहे, खोलीत. चित्र काढतेय. ठीक आहे."

"आणि ते?"

"लिफ्ट अडकली होती. माणसं होती आत."

"कायम कुणी ना कुणी आत असतंच. तिने काय सांगितलं? तिला विचारलं असेल ना, हे कोण म्हणून?"

चावीवाल्याने खोलीच्या काचेतून आत बघितलं. खारू पाठमोरी होती.

"तिने बाबा म्हटलं."

पलीकडचे गाड्यांचे आवाज कमी झाले; ती बाजूला जाऊन थांबली असावी.

"मी तिला कालपासून शिकवत होते," पोरीची आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "कोणी आलं तरी जायचं नाही. आणि तुम्ही, दादा? दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं."

"हो."

"मला एक फोन करायचात."

"हातात घेतला होता फोन."

"मग?"

"मग ठेवून दिला."

ती म्हणाली, "मी परत जाते विमानतळावर. तासभर लागेल. तोवर तिला एकटीला सोडू नका," आणि मग, "म्हणजे, त्या लोकांना सांगा, सोडू नका म्हणून." आधी ते तिने त्यालाच सांगितलं होतं, मग शब्द बदलला होता. ते त्याने ऐकलं.

सुरक्षेचा एक अधिकारी येऊन सगळं लिहून घेऊन गेला; दोन्ही ओळखपत्रांचे फोटो काढले, त्याची सही घेतली, चौकशीला बोलावलं तर यावं लागेल म्हणाला. त्यानंतर खोलीत फक्त बसणं उरलं. खारू कागदावर लिफ्ट काढत होती आणि लिफ्टमध्ये माणसं. चावीवाल्याने एकदा विचारलं, "ही म्हातारी का?" तिने कागद पलीकडे ओढून घेतला.

निळ्या स्कार्फवाली दाराशी उभी राहून काहीतरी लिहीत होती. तो उठून तिच्याकडे गेला.

"ताई, याचं तुमच्यावर येईल का?"

"येणारच. सही माझी आहे." ती लिहीतच होती. "मी फोटो बघितला, नंबर बघितला, पोरीला विचारलं. तुमचा चेहराच तेवढा नीट बघितला नाही. आता कितीही बघितला तरी काय."

"मी लिहून देतो, माझी चूक आहे म्हणून."

"ते तर द्यावंच लागेल तुम्हाला. पण काका, तुमच्या चुकीने माझी चूक पुसत नाही ना." मग काहीशी खालच्या आवाजात ती म्हणाली, "तुम्ही परत आला नसतात तर कुणालाच कळलं नसतं. हे मी का बोलतेय मलाही माहीत नाही. मला तुमचा रागही येतोय."

मॅनेजरने धाकट्यालाही फोन लावला होता; तीन वाजता तो धावत आला. शर्टाला ग्रीस, केसांत धूळ. दारावर त्याला अडवलं, कारण ओळखपत्र आत टेबलावर पडलेलं. मॅनेजरने स्वतः बाहेर जाऊन त्याला आणलं, फोटो आणि चेहरा सावकाश ताडून बघितला.

"बघा, फॉर्मवर माझं नाव आहे," धाकटा म्हणाला. "मी आलोय. द्या माझी मुलगी."

"नियमाने तुमचं नाव आहे, बरोबर," मॅनेजर म्हणाला. "पण ज्यांनी ते लिहिलं त्या तिकडे काउंटरवर उभ्या आहेत, दुसरा फॉर्म भरतायत. त्यांचा निरोप येऊ दे."

धाकटा खोलीच्या दाराशी आलेल्या भावाकडे वळला. "तू सांगितलंस?"

"हो."

"मी सोडवली रे माणसं. नऊ मजले चढून गेलो, हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली घेतली. म्हातारीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. जिना उतरताना वाटत होतं, आज तरी सगळं नीट झालं." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसतच गेला. "दोन तास गप्प बसला असतास तर?"

"खारू म्हणाली, पुढच्या वेळी कोणीही आला तरी बाबा म्हणेन."

धाकट्याने काचेतून आत बघितलं. पोरीने वर बघितलं, हात हलवावा की नाही असा विचार केला आणि थोडासा हलवला. धाकट्याने हात वर केला, तो ग्रीसने काळा होता, म्हणून खाली घेऊन शर्टाला पुसला. मग तो भिंतीशी असलेल्या खुर्चीवर जाऊन बसला.

निरोप आला तेव्हा मॅनेजरने तो छापून आणला आणि वाचून दाखवला. आईने नवा फॉर्म भरला होता. मुलाला नेणारी व्यक्ती: चावीवाल्याचं नाव, त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक, जो तिला इथूनच कळवला होता. त्याच्याखालचा रकाना, ती नसल्यास दुसरी व्यक्ती: आडवी रेघ.

फोनवर ती फार बोलली नाही. "हे बक्षीस म्हणून करत नाहीये मी, दादा. खोटं बोललात ते बोललातच. पण तिला आता इतक्यात पुन्हा विमानात बसवायचं नाही मला, दमलीय ती. पंधरा दिवस तुमच्या घरी राहू दे. ते येऊन भेटू देत. परतीला मी स्वतः येणार आहे न्यायला. पुढचं पुढे."

"धाकट्याला काय सांगू?"

"त्यांनी मला विचारावं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काउंटरवर सगळं पुन्हा झालं. तेच काउंटर, तीच उखडलेली पिवळी पट्टी. या वेळी निळ्या स्कार्फवालीने घाई केली नाही. नाव, क्रमांक, फोटो. आणि मग तिने मान वर करून चावीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, इतका वेळ की त्याला कुठे बघावं कळेना. मॅनेजर बाजूला उभा होता. धाकटा मागे, चार पावलांवर.

बाई पोरीच्या उंचीला वाकली. "हे कोण आहेत?"

खारूने आधी मागे बघितलं, बापाकडे. मग बाईकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पडू नये म्हणून ती डोळे मोठे करून उभी होती. कुठलं उत्तर बरोबर, हे आता तिला कळत नव्हतं. पहिल्या वेळी तिला एका क्षणात कळलं होतं.

कुणीही तिला सांगितलं नाही. बाई वाकलेलीच राहिली.

"काका," ती शेवटी म्हणाली.

चावीवाल्याने पेन घेतलं. त्याची सही लागायला वेळ लागे. पहिलं अक्षर, त्याचा काना, मग दुसरं, मग वरची रेघ. रेघ जरा वाकडी गेली. धाकटा मागून बघत होता. ही अक्षरं त्यानेच शिकवलेली. बाईने घड्याळ बघून वेळ लिहिली.

"दादा," धाकटा म्हणाला, "माझं कार्ड."

मॅनेजरने ते चावीवाल्याच्या हातात दिलं होतं. चावीवाल्याने ते भावाला दिलं. धाकट्याने न बघता खिशात टाकलं. तिघं बाहेर पडले. खारू दोघांच्या मधून चालत होती. एरवी ती काकाचं बोट धरी. आज तिने बॅगेची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि बॅग स्वतःच ओढत होती. बॅग तिच्यासाठी जड होती, दर थोड्या वेळाने एका बाजूला कलंडे. ती थांबून सरळ करी आणि पुन्हा ओढू लागे. दोघं भाऊ तिच्या चालीने चालत राहिले, आणि दोघांपैकी कोणीही तिच्याकडे बॅग मागितली नाही.